जत्रेतल्या पाळण्याचा मक्ता आणि रेंट-सीकिंग: चौघांचा मिळून खर्च बक्षिसाएवढा कसा होतो?

कोरडवाहू

मंडळी, प्रश्न घरचा आहे, पण उत्तर अर्थशास्त्रातलं हवंय.

आमच्याकडे ग्रामदैवताची दहा दिवसांची जत्रा असते. पाळणे, ब्रेकडान्स, टोराटोरा, लहान मुलांची आगगाडी हे सगळं मिळून एकालाच मक्ता देतात. दुसऱ्या कुणाचा पाळणा वेशीच्या आत येत नाही. लिलाव नाही, टेंडर नाही. जत्रा कमिटी म्हणते, 'जो देवाची सेवा करतो त्याला देऊ'. सेवा म्हणजे काय, ते कुठे लिहिलेलं नाही.

माझे दाजी या धंद्यात आहेत. डिझेल, माणसांचा पगार, गाडीभाडं आणि दहा दिवसांचा स्वतःचा रोज धरून, वर एकट्याचाच पाळणा असल्यामुळे सुटतात ते साधारण चार लाख. शेजारच्या गावी तीन पाळणे लागतात, तिकीट चाळीस. आमच्याकडे साठ. फरक एवढाच.

यंदा मक्त्याला चौघे होते. दाजींनी मंडप दिला, दोन महाप्रसाद घातले, कमिटीतल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावले, आणि गेले चार महिने आठवड्यातून दोनदा ऐंशी किलोमीटर गाडी मारून नुसते चहाला बसायला आले. मक्ता मिळाला दुसऱ्यालाच. जत्रा संपल्यावर चौघेही टपरीवर भेटले (भांडण तिथंच मिटतं आमच्यात) आणि चपातीच्या पुड्याच्या कागदावर हिशेब मांडला. दाजींचे ९५ हजार, एकाचे ८०, एकाचे सव्वा लाख. ज्याला मिळाला त्याचे एक लाख दहा. बेरीज ४ लाख १० हजार.

म्हणजे चार लाखांच्या घासासाठी चार लाख दहा हजार! यातलं कोणी येडं नाही, चौघेही वीस वर्षं धंद्यात आहेत. कुठंतरी वाचलं की याला रेंट-सीकिंग म्हणतात. पण प्रत्येकाने शहाणपणानं खर्च केला तर बेरीज अशी का येते, ते कुणी सांगेल का?

लॅचकी

रेंट अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचंच करा. आणि नोंदणी केल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. माझ्या पुण्याच्या फ्लॅटचा अनुभव वाईट आहे, भाडेकरू सोडून गेला आणि गीझर पण घेऊन गेला.

कोरडवाहू

@लॅचकी, धागा वाचा हो. घराचं भाडं नाही हे.

लॅचकी

अरे हो. शीर्षकच वाचलं होतं. पाळण्याला अॅग्रीमेंट करत नाहीत का?

पानसुपारी

यात काय मोठं अर्थशास्त्र? लाचलुचपत आहे ही. आणि खरं सांगायचं तर गावाचं नुकसान शून्य. दाजींच्या खिशातून गेले ते कुणाच्या तरी खिशात आले. मंडपवाल्याला मिळाले, आचाऱ्याला मिळाले, लोक जेवले. पैसा गावातच फिरला.

बाराबंदी

पानसुपारी, तुमचं अर्धं बरोबर आहे, त्यावर नंतर येतो. आधी कोरडवाहूंच्या बेरजेचं.

नावाचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडच्या कॉलेजच्या पुस्तकांत रेंटला 'खंड' म्हणतात, पण इथं जमिनीचाही संबंध नाही. दाजींनी सांगितलेले चार लाख, म्हणजे मेहनताना आणि खर्च वजा जाता निव्वळ 'एकट्यालाच परवानगी' या कागदामुळे सुटणारे पैसे, हा तो रेंट. मक्ता आणि मक्तेदारी हे एकाच शब्दाचे दोन तुकडे आहेत, त्यामुळे मराठीत समजायला खरं तर सोपं.

आता समजा कमिटीचा निर्णय चिठ्ठ्या टाकण्यासारखा आहे. सेवेवर जितका खर्च, तितक्या तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या मडक्यात. मग एक चिठ्ठी निघते. दाजींनी एकूण खर्चाचा चौथा हिस्सा केला असेल तर मक्ता मिळण्याची शक्यता चारात एक. हरलेल्याचे पैसे परत नाहीत. तेवढं एक कलम सोडलं तर बाकी सगळी नेहमीची चढाओढ आहे, आणि सगळी गंमत त्याच कलमात आहे.

धरा की बाकीच्या तिघांनी प्रत्येकी ७५ हजार घातलेत, म्हणजे सव्वादोन लाख. दाजींनी किती घालावे?

५० हजार घातले तर शक्यता १८ टक्के. चार लाखांचे १८ टक्के म्हणजे सरासरीनं ७२,७००. खर्च वजा जाता २२,७०० हातात.
७५ हजार घातले तर शक्यता २५ टक्के, सरासरी एक लाख, हातात २५,०००.
एक लाख घातले तर शक्यता जवळजवळ ३१ टक्के, हातात २३,१००.

म्हणजे ७५ हजारच सगळ्यात बरे. बाकीच्या तिघांनाही हाच हिशेब लागू, म्हणून चौघेही तिथंच येऊन थांबतात. चौघांचे मिळून तीन लाख. चार लाखांच्या मक्त्यातले तीन लाख मक्ता मिळायच्या आधीच गेले, आणि चौघांचंही गणित चोख आहे.

कोरडवाहू

बरं. पण चौघांनी ठरवून दहा-दहा हजारच घातले असते तर? शक्यता प्रत्येकाची पंचवीस टक्केच राहते. खर्च फक्त चाळीस हजार.

बाराबंदी

ठरवू शकता, पण ते टिकत नाही. बाकी तिघे दहा-दहावर बसलेत असं धरा. तुम्हीही दहा घातलेत तर हातात सरासरी ९० हजार. झकास. पण तुम्ही गुपचूप ८० घातलेत तर मडक्यातल्या ११० चिठ्ठ्यांत ८० तुमच्या, शक्यता ७३ टक्के, आणि हातात २ लाख ११ हजार. चौघांपैकी प्रत्येकाला हे दिसतं. आणि प्रत्येकाला हेही दिसतं की दुसऱ्यालाही दिसतंय.

अमेरिकेत गॉर्डन टलॉक म्हणून होते, शिक्षणानं वकील. मक्तेदारीच्या शोधात होणारा खर्च हेच खरं नुकसान, हे त्यांनी १९६७ साली मांडलं. चिठ्ठ्यांचं हे गणित त्यांनीच १९८० मध्ये लिहिलं. 'रेंट-सीकिंग' हे नाव मात्र त्यांचं नाही, ते अॅन क्रुगरबाईंनी १९७४ मध्ये दिलं, आणि त्यांच्यापुढे उदाहरण होतं आपल्या लायसन राजचं.

हिशेबनीस

एक शंका. सूत्र मान्य. पण त्यात चौघांना तीन लाख येतात, कोरडवाहू म्हणतात ४ लाख १०. शहाणा माणूस बक्षिसापेक्षा जास्त खर्च करणारच नाही, त्यामुळे बेरीज बक्षिसाच्या वर जाऊच शकत नाही. आकडे फुगवलेले असणार. हरलेला माणूस खर्च वाढवूनच सांगतो.

कोरडवाहू

@हिशेबनीस, सव्वा लाखवाल्याच्या आकड्याबद्दल मलाही शंका आहे 😄 पण दाजींचे ९५ बहिणीच्या वहीत आहेत. ती वही खोटं बोलत नाही.

बाराबंदी

हिशेबनीस, तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा, दुसरा त्यातून निघत नाही. कुठलाही एकटा शहाणा माणूस चार लाखांच्या वर घालणार नाही, हे खरं. पण चौघांनी लाख-लाख घातले तर एकानंही मर्यादा ओलांडलेली नसते, आणि बेरीज चार लाख असते. एकूण किती झाले हे कुणाच्याच वहीत नसतं. ते टपरीवरच्या कागदावर पहिल्यांदा दिसतं.

मग तीनाचे चार का झाले? दोन कारणं दिसतात.

पहिलं, तुमची कमिटी मडक्यासारखी वागत नाही. मडक्यात दुप्पट चिठ्ठ्या म्हणजे दुप्पट शक्यता. पण कमिटी 'कुणी जास्त केलं' तेच बघत असेल, तर थोडं पुढं असलेल्याला खूपच जास्त फायदा मिळतो. निर्णय जितका धारदार, तितकं शेवटचे दहा हजार जास्त मोलाचे. चौघांच्या चढाओढीत ही धार मडक्यापेक्षा फक्त एक तृतीयांशानं वाढली की प्रत्येकाचा शहाणा आकडा ७५ वरून बरोबर एक लाखावर जातो. बेरीज चार लाख, बक्षीस पूर्ण विरघळलं. दोघेच असते तर मडक्याच्या नियमानं निम्मंच गेलं असतं, पण धार दुप्पट केली की तिथंही सगळं जातं. धार त्याच्याही पुढं गेली की ठरलेला असा आकडाच राहत नाही. मग लोक कधी खूप घालतात, कधी माघार घेतात. सरासरीनं बक्षिसाच्या आत राहतात, पण एखाद्या वर्षी बेरीज सहज वर जाते.

दुसरं कारण तुमच्या मूळ पोस्टमध्येच आहे, 'गेले चार महिने'. खर्च एकदम झाला नाही. दाजींनी पहिले चाळीस घातले तेव्हा हिशेब वेगळा होता. ते गेल्यावर पुढचे वीस घालायचे की नाही हा प्रश्न नव्यानं येतो, आणि गेलेले चाळीस त्यात धरायचेच नसतात, कारण ते तसेही परत येत नाहीत. प्रत्येक पायरीवर 'अजून वीस घातले तर चार लाखांची शक्यता वाढते' हे खरंच असतं. प्रयोगशाळेत पैसे लावून हे खेळ खेळवले आहेत. तिथंही माणसं सूत्रापेक्षा जास्तच घालतात.

सुगरण_नाही

'अजून वीस घातले तर' हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या बक्षिसासाठी ऐकलंय. बक्षीस होतं पाच हजार आणि ढाल. आम्ही थर्माकोल बंद झाल्यावर कागदाची लेणी केली होती, ३४ हजारांची. ढाल बी विंगला. असो, तो वेगळा विषय. पण ढालीची किंमत कशी धरायची?

बाराबंदी

ढालीची किंमत तुमच्या विंगलाच ठाऊक. पण मुद्दा लागू आहे. जिंकण्याचीच हौस असेल तर बक्षीस पाच हजारांपेक्षा मोठं असतं, आणि खर्च त्या मोठ्या आकड्याच्या मागे जातो.

निवृत्त_फिटर

बाराबंदी यांनी लायसन राजचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी १९७१ ला ठाण्याच्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात लागलो. आमच्याकडे एका शेडमध्ये सहा यंत्रं ताडपत्री घालून उभी होती. दर शनिवारी ताडपत्री काढायची, ऑइल-ग्रीस करायचं, दहा मिनिटं फिरवायची, परत झाकायची. त्यावर एक जॉब मी कधी काढलेला आठवत नाही. मी एकदा फोरमनला विचारलं, 'ही विकत का नाहीत?' तो म्हणाला, 'ही यंत्रं माल काढत नाहीत, परवाना काढतात.' मला तेव्हा कळलं नाही. परदेशी पोलाद आणि बेअरिंगं आणायचा परवाना यंत्रं किती बसवलीत ते बघून मिळायचा म्हणे.

बाराबंदी

फिटरकाका, तुमच्या फोरमननी एका ओळीत सांगितलं! क्रुगरबाईंचा मुद्दा नेमका हाच होता. परदेशी चलन तुटपुंजं, त्यामुळे आयातीचे परवाने मोजून. आयात केलेला माल देशातल्या बाजारात कितीतरी जास्त मोलाचा, म्हणजे परवाना हातात असणं हाच नफा. आणि वाटप बसवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात. मग आहे ती यंत्रं रिकामी असतानाही कारखानदार आणखी यंत्रं बसवणार, कारण प्रत्येक यंत्र म्हणजे मडक्यातली एक चिठ्ठी.

पानसुपारी, आता तुमच्या 'पैसा गावातच फिरला'वर येतो. लाच नुसती या खिशातून त्या खिशात गेली तर ती वाटणी आहे, नुकसान नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. टलॉकही ते नाकारत नाहीत. पण ताडपत्रीखालची सहा यंत्रं कुणाच्या खिशात गेली? ते पोलाद, ती शेड, फिटरकाकांचे शनिवार, हे सगळं खरोखर वापरून संपलं आणि त्यातून एक बोल्टही निघाला नाही. दाजींच्या खर्चातही असे दोन ढीग करा. महाप्रसाद लोकांनी खाल्ला, तो काही पूर्ण वाया नाही. पण चार महिने, आठवड्यातून दोनदा, ऐंशी किलोमीटरचं डिझेल आणि दिवस? ते दिवस दाजी दुसऱ्या जत्रेत पाळणा फिरवू शकले असते.

पानसुपारी

डिझेलवाल्या पंपाला मिळाले ना पैसे.

बाराबंदी

पंपाला पैसे मिळाले आणि पंपाचं डिझेल गेलं. पैसा फिरला, डिझेल जळलं. नुकसान डिझेलचं मोजायचं असतं.

पानसुपारी

हम्म. महाप्रसादाचं मात्र मी सोडत नाही.

बाराबंदी

सोडू नका. तिथं अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. पण एक बघा, लाचसुद्धा पूर्ण 'फिरून' राहत नाही. कमिटीवर बसलं की जेवणावळी आणि फ्लेक्स मिळतात हे गावाला कळलं, की कमिटीवर जायलाच चढाओढ सुरू होते. मग त्या जागेसाठी खर्च. क्रुगरबाईंनीही हे लिहिलंय: परवाने देणाऱ्या नोकरीत वरकमाई आहे म्हटलं की त्या नोकरीसाठी माणसं वर्षानुवर्षं घालवतात.

कोरडवाहू

आमच्या कमिटीची गेल्या वेळची निवडणूक आठवली. त्यावर न लिहिलेलं बरं.

हिशेबनीस

क्रुगर यांचा भारताचा आकडा माझ्या वाचनात आहे, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सात टक्क्यांवर. म्हणजे एवढा पैसा देशानं दरवर्षी उधळला?

बाराबंदी

७.३ टक्के, १९६४ सालासाठी. पण तो आकडा बक्षिसांचा आहे, खर्चाचा नाही. परवान्यांमुळे किती नफा वाटला जात होता याचा तो अंदाज. तो सगळा चढाओढीत विरघळला, हे पुढचं गृहीतक. रिचर्ड पोस्नर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेच्या मक्तेदाऱ्यांबाबत तसंच धरलं. मला ते जरा ऐसपैस वाटतं. सगळं विरघळायला एक तर मैदान सगळ्यांना खुलं हवं, नाहीतर निर्णय धारदार हवा. मक्ता कुणाला जाणार हे गावाला आधीच माहीत असेल, तर बाकीचे फ्लेक्सही छापत नाहीत. खर्च कमी होतो. म्हणजे उघड वशिलेबाजीत उधळपट्टी कमी, 'कुणालाही मिळू शकतो' या आशेत जास्त. ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित तसंच आहे.

जर्सीकर

खूप दिवसांनी लॉगिन झालो, धागा वाचून राहवलं नाही.

आमचे मामा १९८०च्या दशकात इथं न्यू जर्सीत फार्मासिस्ट होते. टीव्हीवर जाहिरात यायची: मोबाइल फोनचं लायसन मिळवा, नशीब काढा. मामांना फोन चालवायचीही भीती वाटायची. पण त्यांनी एका एजन्सीला काही हजार डॉलर देऊन वेगवेगळ्या गावांसाठी अर्ज टाकले. एजन्सीनं एक जाडजूड फाइल पाठवली, टॉवर कुठे, अँटेना किती उंच, नकाशे, सगळं. पुढे त्यांच्या ओळखीतल्या दुसऱ्या देसी माणसाचीही फाइल बघितली, तर नाव सोडून अक्षर न् अक्षर तेच. मामांना काही लागलं नाही. त्या फाइली अजून तळघरात आहेत, मामी त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवते. हे रेंट-सीकिंग होतं का?

बाराबंदी

जर्सीकर, याच्याइतकं स्वच्छ उदाहरण जगात दुसरं सापडणं कठीण. इथं मडकं खरोखरच होतं!

थोडं मागून सांगतो. अमेरिकेत प्रत्येक शहर-भागात सेल्युलरची दोनच लायसन्स ठेवली होती. एक तिथल्या जुन्या टेलिफोन कंपनीसाठी राखीव, दुसरं बाहेरच्यांसाठी. लायसन सरकारकडून फुकट. सुरुवातीच्या तीस मोठ्या शहरांत ते 'सगळ्यात लायक कोण' अशा सुनावण्या घेऊन ठरवायचं होतं. म्हणजे तुमच्या जत्रा कमिटीचीच पद्धत, फक्त फ्लेक्सऐवजी वकील आणि इंजिनीअर. सुनावण्या रेंगाळल्या, तेव्हा १९८४ मध्ये संचार आयोगानं ठरवलं की उरलेल्या भागांत सरळ सोडत काढू. विचार असा की वकिलांचा खर्च तरी वाचेल.

पण अर्ज कुणीही करू शकत होतं. डेंटिस्टांपासून ट्रकवाल्यांपर्यंत लोक आले. एका भागासाठी एका माणसाला एकच अर्ज, म्हणून एकट्याला खर्च वाढवून शक्यता वाढवता येत नव्हती. मग वाढली ती माणसं. सगळे भाग मिळून जवळजवळ चार लाख अर्ज आले.

इथं बक्षीस कसं विरघळतं बघा. आकडे माझ्या मनातले आहेत. धरा, एका भागाचं लायसन २० लाख डॉलरचं आणि एक अर्ज करायला हजार डॉलर. शंभर अर्ज असतील तर प्रत्येकाची सरासरी कमाई वीस हजार, खर्च हजार. कोण सोडेल? लोक येत राहणार. कुठवर? दोन हजार अर्ज होईपर्यंत. तिथं सरासरी कमाई बरोबर हजार, खर्चाएवढी. आणि दोन हजार गुणिले हजार किती? वीस लाख. पूर्ण बक्षीस कागदात.

आता मामांची एजन्सी येते. एकच आराखडा झेरॉक्स करून नावं बदलायची, म्हणून अर्ज पाचशेत पडायला लागला. खर्च निम्मा झाला असं वाटेल. तर नाही, अर्ज चार हजार होणार. बेरीज परत वीस लाख. अर्ज स्वस्त करून काहीच वाचत नाही, तळघरं तेवढी जास्त भरतात.

सुगरण_नाही

मग ज्यांना लागलं त्यांनी फोन कंपनी चालवली? डेंटिस्टांनी?

बाराबंदी

विकली. केप कॉड भागाचं लायसन १९८९ च्या सोडतीत एका गटाला लागलं, आणि त्यांनी ते थोड्याच काळात एका मोठ्या टेलिफोन कंपनीला चार कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकलं. म्हणजे लायसन शेवटी जायचं तिथंच गेलं, फक्त वळसा घालून.

चहाटळ

आपल्याकडचा टूजी विसरलात का? तिथं पण 'पहिल्यांदा येईल त्याला' करून कोणी कोणी

संपादक

टूजीवर ३१२ प्रतिसादांचा धागा आधीच आहे. तिकडे जा, कृपया.

हिशेबनीस

मग उपाय लिलाव एवढाच ना? कमिटीनं बंद लखोट्यात बोली घ्याव्यात. जो जास्त देईल त्याला.

बाराबंदी

अमेरिकेनं शेवटी तेच केलं. जुलै १९९४ मध्ये पहिला लिलाव झाला, पेजरसारख्या सेवांच्या दहा लायसन्सचा, आणि ६१ कोटी ७० लाख डॉलर सरकारच्या तिजोरीत आले. लिलावात मक्तेदाराच्या हातून रेंट जातोच, पण जळून जात नाही, पैसा पैसाच राहतो. आणि हरलेल्याचे पैसे परत मिळतात. मी सुरुवातीला म्हटलं ते कलम तिथं नाहीसं होतं.

कोरडवाहूंच्या गावी लिलाव झाला तर साडेतीन-पावणेचार लाख देवस्थानाला मिळतील. गावातल्या पोरांना मात्र तिकीट साठचंच राहील, तो मक्तेदारीचा भार लिलावानं जात नाही. त्यासाठी वेशीच्या आत तीन पाळणे येऊ द्यावे लागतील. मग चार लाखांचं बक्षीसच उरत नाही आणि कुणी फ्लेक्सही लावत नाही.

निवृत्त_फिटर

लिलाव झाला तर पैसे देवस्थानाकडे जमतील. मग ते खर्च करायचा अधिकार कुणाकडे, यावर भांडण होईल.

बाराबंदी

होईल. याला माझ्याकडे उत्तर नाही, काका.

हिशेबनीस

आणखी एक विचारतो. जर बक्षिसाएवढा खर्च व्हायचाच असेल, तर मोठमोठ्या परवान्यांसाठी लोक पकडले जातात तेव्हा दिलेले पैसे इतके किरकोळ का निघतात? हजार कोटींचा फायदा आणि दिलेले दोन-चार कोटी.

बाराबंदी

चांगला अडवलात. हे कोडं टलॉक यांनाच पडलं होतं आणि त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. काहींचं म्हणणं, दिसतो तो फक्त रोख भाग. ओळखी जोडण्यात गेलेली वर्षं, कारखाना गैरसोयीच्या जागी उभारणं, हे कोणी मोजत नाही. काहींचं म्हणणं, मैदान खुलं नसतंच, मोजके दोनचार लोक आणि त्यातला एक घरचा. तिसरं म्हणजे, देणाऱ्याला उघड लिलाव करता येत नाही, म्हणून तो स्वस्तात विकतो. मला दुसरं जास्त पटतं, पण पैज लावणार नाही.

कोरडवाहू

दाजींना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'एवढं तर आम्हाला कळतंय, म्हणून तर आम्ही एक आयडिया केलीय.' चौघांनी मिळून पुढच्या वर्षी एकाच नावानं मागायचं, खर्च चाळीस हजारांत आवरायचा आणि फायदा चौघांत वाटायचा. वर म्हणाले, 'तुझ्या त्या मास्तरला विचार, हे जमतंय का.'

बाराबंदी

अमेरिकेच्या सोडतीतही हेच झालं. अर्जदार आधीच करार करायचे, कुणालाही लागलं तरी सगळ्यांचा थोडाथोडा हिस्सा. आतल्या चौघांपुरता खर्च नक्की वाचेल. दाजींनी फक्त एवढं बघावं की बाहेर किती जण आहेत. ज्यांना आजपर्यंत चढाओढ परवडत नव्हती म्हणून ते आले नव्हते, त्यांना आता नुसतं 'मीही मागणार' म्हणून उभं राहिलं तरी हिस्सा मिळतो.

जर्सीकर

मामांच्या एजन्सीनं शेवटी तेच विकलं होतं. 'लागलं नाही तरी हिस्सा मिळेल' असं.

कोरडवाहू

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय. दाजींच्या चौकडीत आता सहा जण आहेत. पाचव्याचा निदान शेजारच्या तालुक्यात पाळणा आहे. सहावा काल हिस्सा मागायला आला, तर बहिणीनं विचारलं, 'तुमचा पाळणा कुठला?' म्हणाला, 'पाळणा नाही ताई, पण अर्ज आहे.'